फोटो झूम केला की चौकोन का दिसतात? बांगड्याच्या डोळ्यावरून शिकवायची दोन तासांची कार्यशाळा

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला निघालेल्या फेरीबोटीचा फोटो एका मुलीने वर्गात आणला होता. बोट पार पलीकडे पोचलेली, आणि तिला बोटीवरचं नाव वाचायचं होतं. दोन बोटांनी ती चित्र ताणत गेली आणि शेवटी विचारलं, "टीचर, अजून मोठं केलं तर नाव दिसेल ना?" वर्गातल्या निम्म्या मुलांचं उत्तर "हो" होतं. उरलेली म्हणाली, "नाही, मोबाईल स्वस्तातला आहे म्हणून."

दोन्ही उत्तरं चुकीची होती, आणि चूक एकाच समजुतीतून आलेली होती. मुलांना वाटतं की फोटोच्या आत सगळं भरलेलं असतं आणि झूम म्हणजे त्याच्या जवळ जाणं. ही समजूत "फोटो पिक्सेलचा बनलेला असतो" एवढं सांगून जात नाही. मुलं ते वाक्य पाठ करतात आणि पुन्हा चित्र ताणत बसतात. फोटो काढताना काय टाकून दिलं जातं हे त्यांनी स्वतःच्या हाताने करून पाहिलं, तरच ती सुटते. पुढची कार्यशाळा त्यासाठी आहे. सहावी-सातवीच्या तीसेक मुलांसाठी, दोन तासांची. शनिवारी जोडून तास मिळत असतील तर उत्तम.

आदल्या दिवशीची तयारी

सगळ्यात जास्त मेहनत एका चित्रावर घ्यायची. कोऱ्या कागदावर १६ सेंमी रुंद आणि ८ सेंमी उंच आयत आखा आणि त्यात एक बांगडा काढा. तोंड डावीकडे, शेपूट उजव्या कडेला. मासा गोव्यातल्या प्रत्येक मुलाने ताटात आणि बाजारात पाहिलेला असतो, आणि त्याला डोळा असतो याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. या दुसऱ्या गोष्टीचा पुढे उपयोग होणार आहे.

चित्रात चार गोष्टी मोजून काढायच्या. अंगाची बाह्यरेषा १ मिमी जाडीची. डोळा ६ मिमी व्यासाचा, पूर्ण काळा, आणि त्याचं केंद्र आयताच्या डाव्या कडेपासून ३ सेंमी, वरच्या कडेपासून ३ सेंमी. पाठीवर काळ्या आडव्या रेघा, प्रत्येक ३ मिमी जाड आणि दोन रेघांमध्ये ३ मिमी मोकळी जागा. या रेघा डाव्या कडेपासून ५ सेंमीवर सुरू करा आणि १३ सेंमीवर थांबवा. शेपूट साधारण अर्धी काळी. बाकी अंग पांढरंच ठेवा. मापं थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल, पण डोळ्याची जागा आणि आकार नेमका हवा.

मग पारदर्शक प्लास्टिकचे तीन तुकडे घ्या. वह्यांना घालतो ते कव्हर चालतं, कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टरची कोरी शीट मिळाली तर आणखी चांगलं. एकावर २ सेंमीचे, दुसऱ्यावर १ सेंमीचे आणि तिसऱ्यावर अर्ध्या सेंमीचे चौकोन कायमच्या मार्करने आखा. जाळी चित्रापेक्षा दोनेक सेंमी मोठीच आखा, कारण ती नंतर सरकवायची आहे. चित्राच्या तीन झेरॉक्स काढा. चार्ट पेपर, पेन्सिली आणि काळे मेणाचे खडू लागतील. पावसाळ्यात जलरंगाच्या वाटेला जाऊ नका. जुलैत आपल्याकडे कागदच ओलसर असतो, रंग वाळत नाही आणि शेजारच्या चौकोनात पसरतो. या कार्यशाळेत एका चौकोनाचा रंग दुसऱ्यात जाणं म्हणजे सगळा मुद्दाच पुसला जाणं.

सुरुवात चिऱ्यांच्या भिंतीपासून

पहिली दहा मिनिटं वर्गाबाहेर. गिलावा न केलेली चिऱ्यांची भिंत बहुतेक शाळांच्या आवारात असते, निदान कुंपणाची तरी. मुलांना वीस पावलांवर उभं करा आणि काय दिसतं ते सांगायला लावा. लाल भिंत, एवढंच येईल. दहा पावलांवर चिरे वेगळे दिसू लागतात. अगदी जवळ गेल्यावर चिऱ्यातली भोकं, भोकात साठलेली माती, एखादी मुंगी, शेवाळ.

आता त्याच भिंतीचा वीस पावलांवरून काढलेला फोटो मोबाईलवर दाखवा आणि ताणत जा. चिरे दिसतील, थोडीफार भोकंही दिसतील, आणि मग एका जागी सगळं थांबेल. मुंगी येणार नाही. मुलांना इतकंच विचारा: भिंतीजवळ गेलो तर मुंगी दिसली, फोटोजवळ गेलो तर का दिसली नाही? उत्तर देऊ नका. फळ्यावर प्रश्न लिहून ठेवा.

काही शिक्षक "भिंत चिऱ्यांची तसा फोटो पिक्सेलचा" अशी उपमा देतात. माझा तिला विरोध आहे. चिऱ्याच्या आत पाहायला आणखी काहीतरी असतं, पिक्सेलच्या आत काहीच नसतं. तिथे फक्त एक रंग असतो. भिंत इथे उपमा म्हणून वापरायची नाही, फरक दाखवण्यासाठी वापरायची.

एका चौकोनात एकच आकडा

वर्गात आल्यावर सहा गट करा. तीन गट कॅमेरे, तीन गट पडदे. प्रत्येक कॅमेऱ्याची एका पडद्याशी जोडी. पडदे गटांनी व्हरांड्यात बसायचं आणि बांगडा त्यांना अजिबात दिसता कामा नये. चित्र कशाचं आहे हेही सांगायचं नाही. पडद्यांच्या हाती काम येईपर्यंत त्यांना चार्ट पेपरवर चौकोन आखायला लावा. पहिला गट ६ सेंमीचे ८ गुणिले ४ चौकोन आखेल, दुसरा ३ सेंमीचे १६ गुणिले ८, आणि तिसरा दीड सेंमीचे ८ गुणिले ८. पहिल्या दोघांचं चित्र एकाच आकाराचं होणार आहे, ४८ सेंमी रुंद. तिसऱ्याकडे फक्त डोक्याचा भाग आहे, कारण अख्ख्या माशाचे अर्ध्या सेंमीचे ५१२ चौकोन मोजताना मुलं वैतागतात. डाव्या कडेपासून १ ते ५ सेंमी आणि वरून १ ते ५ सेंमी एवढाच तुकडा द्या, ६४ चौकोन होतात.

कॅमेरा गटांचा नियम एकच आहे आणि तो कडक पाळायचा: एका चौकोनात एकच आकडा. चौकोन पूर्ण काळा असेल तर ४, पाऊण काळा तर ३, अर्धा २, पाव १, आणि पावाच्या निम्म्याहूनही कमी काळा असेल तर ०. चौकोनाच्या कोणत्या कोपऱ्यात काळं आहे हे लिहायला जागा नाही. मुलं इथे हमखास वाद घालतात. "टीचर, पण इथे बारीक रेघ आहे ना!" आहे, पण ती आकड्यात मावते का? नाही मावत. लिहा शून्य.

हा वाद चालू द्या. मोबाईलचा कॅमेरा अगदी हेच करतो. आतल्या सेन्सरवर बारीक बारीक चौकोन असतात. प्रत्येक चौकोनावर जेवढा प्रकाश पडला तेवढ्याचा मिळून एक आकडा तयार होतो, आणि प्रकाश चौकोनात नेमका कुठे पडला ही माहिती तिथल्या तिथे नाहीशी होते. खऱ्या फोटोत एका पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात आणि ते सहसा ० ते २५५ पर्यंत जातात. तत्त्व तेच, आकडे जास्त.

पहिला गट लवकर आटोपेल. त्याची वरून दुसरी ओळ साधारण अशी यायला हवी: ०, ०, १, २, २, २, १, २. यातला दुसरा आकडा नीट पाहा. त्या चौकोनात अख्खा डोळा आहे, आणि आकडा शून्य आहे. हिशेब फळ्यावर करून दाखवता येतो. ६ मिमी व्यासाच्या डोळ्याचं क्षेत्रफळ साधारण ०.२८ चौरस सेंमी. चौकोन ४ चौरस सेंमीचा. म्हणजे चौकोनाचा फक्त सात टक्के भाग काळा. सातवीच्या मुलांना हे गणित जमतं. सहावीला क्षेत्रफळात न शिरता "चौदा डोळे ठेवले तर एक चौकोन भरेल" एवढं सांगा.

चौथ्या ते सहाव्या चौकोनात २ आला आहे, कारण तिथे रेघा आणि मोकळी जागा सारखीच आहे. रेघा होत्या हे आकड्याला माहीत नाही. त्याला फक्त "अर्धं काळं" एवढंच ठाऊक आहे.

पडद्यावर बांगडा

आकड्यांचा कागद व्हरांड्यात जातो. पडदा गट प्रत्येक चौकोन आकड्याप्रमाणे एकाच छटेत भरतो, ० म्हणजे कोरा, ४ म्हणजे गर्द काळा. इथे पहिल्या खेपेला माझा डाव फसला होता. पाच मुलं एकाच वेळी रंगवत होती आणि एकाचा २ दुसऱ्याच्या ३ पेक्षा काळा झाला. चित्र पाहून काहीच कळेना. आता मी आधी छटांची पट्टी करून घेते. कागदाच्या पट्टीवर ० ते ४ असे पाच चौकोन रंगवायचे, ती मधोमध ठेवायची आणि प्रत्येकाने तिच्याशी जुळवूनच रंग द्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते गाळू नका.

चित्रं तयार झाली की तिन्ही फळ्यावर चिकटवा आणि पडदा गटांना विचारा, हे काय आहे? पहिलं चित्र पाहून ढग, बूट, होडी असं काहीही येतं. दुसरं पाहून मासा म्हणणारं कुणीतरी निघतं, बहुतेक शेपटीमुळे. मग मूळ बांगडा बाहेर काढा.

आता एकेक गोष्ट शोधायला लावा. पाठीच्या रेघा दोन्ही चित्रांत नाहीत, नुसता करडा पट्टा आहे. बाह्यरेषा पहिल्या चित्रात पूर्ण गायब, दुसऱ्यातही जवळजवळ गायब आहे. डोक्याच्या तुकड्यात मात्र ती फिकट दिसते, कारण १ मिमीची रेघ अर्ध्या सेंमीच्या चौकोनाचा पाचवा भाग व्यापते आणि आकडा १ येतो. आणि डोळा? पहिल्यात नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात चार चौकोनांचा एक फिकट डाग आहे.

दुसऱ्या चित्रात डोळा का नाही हे या कार्यशाळेतलं मला सर्वांत आवडणारं ठिकाण आहे. आपण डोळा मुद्दाम अशा जागी काढला होता की १ सेंमीच्या जाळीत तो बरोबर चार चौकोनांच्या कोपऱ्यावर येईल. प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला पाव डोळा, सात टक्के, म्हणून चारही शून्य. आता जाळी अर्धा सेंमी उजवीकडे आणि अर्धा सेंमी खाली सरकवा. डोळा एकाच चौकोनाच्या मधोमध येतो, अठ्ठावीस टक्के भरतो आणि आकडा १ होतो. मासा तोच, जाळी तीच, आणि हात जरासा हलल्याने डोळा परत आला. लांबवरच्या विजेच्या तारेचा फोटो काढला की तार तुटक तुटक दिसते त्यामागे हेच कारण आहे. मुलं घरी जाऊन हे तपासून पाहतात.

यानंतर पहिल्या पडदा गटाला सांगा: तुमचं चित्र आणखी मोठं करा, भिंतीएवढं करा, डोळा दिसेल का? ती म्हणतील चौकोन फक्त मोठे होतील. झूम म्हणजे हेच. आकडे तेवढेच राहतात, प्रत्येक आकड्याला पडद्यावर जास्त जागा मिळते. फळ्यावर लिहून ठेवलेल्या मुंगीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मुलांच्याच तोंडून येतं. ते येईपर्यंत थांबा, पाच मिनिटं शांततेत गेली तरी चालेल.

एक गोष्ट दर वेळी घडते. कुणीतरी उठून खडूने पहिल्या चित्रात डोळा काढतो. "माशाला डोळा असतोच!" त्याला रागावू नका. त्याला विचारा, हा डोळा कागदावरच्या आकड्यांतून आला की तुझ्या डोक्यातून? आणि डोक्यातून आला असेल तर तो नेमका तिथेच, एवढाच मोठा होता हे तुला कसं कळलं? अंधुक फोटो लख्ख करून देण्याचा दावा करणारी अ‍ॅप मुलांच्या मोबाईलमध्ये असतात. त्यांनी भरलेला डोळाही असाच अंदाजाचा असतो.

मग मोबाईलवर चौकोनांऐवजी धुकं का दिसतं?

हा प्रश्न मुलं विचारतील आणि तो रास्त आहे. मी पहिली कार्यशाळा घेतली तेव्हा भरात येऊन म्हटलं, "आता मोबाईलवर झूम करा, चौकोन दिसतील." कुणालाच दिसले नाहीत. सगळं फक्त धूसर झालं. गॅलरीचं अ‍ॅप चौकोन लपवतं, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं.

ते कसं लपवतं हे पाच मुलांना घेऊन दाखवता येतं. दोघांना पाटीवर ० आणि ४ लिहून दोन टोकांना उभं करा, मध्ये तिघांची जागा मोकळी ठेवा. फोटो मोठा करताना ही तीन जागा कशाने तरी भरायला हव्यात. पहिली रीत म्हणजे जवळच्या मुलाची नक्कल. मधल्यांच्या पाट्यांवर ०, ४, ४ किंवा ०, ०, ४ येतं आणि मध्येच एकदम उडी दिसते. ही उडी म्हणजे चौकोनाची कड. दुसरी रीत म्हणजे पायऱ्या: १, २, ३. आता ० ते ४ हळूहळू चढतं, कड दिसत नाही, धुकं दिसतं. मोबाईल बहुधा दुसरी रीत किंवा तिची आणखी सुधारलेली आवृत्ती वापरतो.

मुलांना जोर देऊन विचारायचा प्रश्न असा: मधल्या तिघांनी आपापला आकडा कुठून आणला? टोकाच्या दोघांकडे बघून. बाहेरचं नवीन काही कुणीच पाहिलं नाही. म्हणून चौकोन दिसोत की धुकं, माहिती दोन आकड्यांचीच आहे.

संगणकावर तेच पुन्हा

शाळेच्या संगणकावर विंडोजमधलं `Paint` पुरेसं आहे, कारण ते झूम करताना पायऱ्या भरत नाही, चौकोन जसेच्या तसे दाखवतं. बांगड्याच्या चित्राचा फोटो काढा आणि केबलने संगणकावर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो वाटेतच लहान होतो, आणि मग मुलांनी मोजलेले आकडे तुमच्या हिशेबाशी जुळत नाहीत. `Paint` मध्ये फोटो उघडून `Ctrl+W` दाबा, `Pixels` निवडा आणि `Horizontal` मध्ये 64 लिहा. चित्र एकदम चिमुकलं होईल. ते वेगळ्या नावाने `PNG` म्हणून साठवा. मग झूम 800% करा आणि `Ctrl+G` ने जाळी दाखवा.

`JPEG` का नको, हे मोठ्या मुलांना सांगण्यासारखं आहे. त्या प्रकारात फोटो ८ गुणिले ८ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबून साठवला जातो, आणि फार दाबला तर त्या तुकड्यांच्या कडा दिसू लागतात. तेही चौकोनच, पण त्यांचं कारण वेगळं आणि आतला रंग एकसारखा नसतो. एकाच दिवशी दोन्ही समजावायला गेलात तर गोंधळ होतो, म्हणून `PNG` घ्या आणि तो विषय टाळा.

रंग उचलायचं ड्रॉपरसारखं साधन घेऊन एखाद्या चौकोनावर क्लिक करा आणि `Edit colors` उघडा. लाल, हिरव्या, निळ्याचे तीन आकडे समोर येतात. मुलांना हे पाहताना फार मजा वाटते, कारण मघाशी त्यांनी पेन्सिलीने लिहिलेले आकडे खरोखरच आत असतात याचा हा पुरावा आहे. पांढऱ्या कागदाचा आकडा २५५ येत नाही, ट्यूबलाइटच्या उजेडात तो बराच खाली येतो आणि तिन्ही आकडे सारखेही नसतात. एक फरक सांगून ठेवा: आपण काळ्याला ४ म्हटलं होतं, संगणक काळ्याला ० म्हणतो, कारण तो प्रकाश मोजतो.

ज्या शाळेत पायथन आणि त्याची `Pillow` लायब्ररी आहे तिथे शिक्षकांना मुलांच्या पहिल्या गटाचं काम जवळपास तसंच करून छापता येतं. फोटो आयताच्या कडेपाशी, दुप्पट रुंदीच्या मापात कापून `bangda.jpg` नावाने ठेवा.

```python
from PIL import Image
p = Image.open("bangda.jpg").convert("L")
s = p.resize((8, 4), Image.BOX)
s.resize((960, 480), Image.NEAREST).save("chaukon.png")
s.resize((960, 480), Image.BILINEAR).save("andhuk.png")
```

तिसऱ्या ओळीतला `BOX` म्हणजे चौकोनातल्या सगळ्याची सरासरी, कॅमेरा गटाने केली तीच. `NEAREST` म्हणजे शेजाऱ्याची नक्कल आणि `BILINEAR` म्हणजे पायऱ्या. दोन्ही चित्रं शेजारी लावा आणि मुलांनी रंगवलेला चार्ट त्यांच्या खाली. मुलांचा चार्ट आणि `chaukon.png` इतकं जुळतं की मुलं टाळ्या वाजवतात.

प्रोजेक्टर वापरणार असाल तर एक सापळा आहे. मुलं पडद्याच्या जवळ जातात आणि "चौकोन दिसले!" म्हणून ओरडतात, पण ते प्रोजेक्टरचे स्वतःचे ठिपके असतात. ओळखायची खूण सोपी आहे. चित्र थोडं बाजूला सरकवा. चित्रासोबत जे सरकले ते फोटोचे चौकोन, जे जागच्या जागी राहिले ते पडद्याचे. मोबाईलच्या काचेवर पाण्याचा बारीक थेंब ठेवून लाल, हिरवे, निळे ठिपके दाखवण्याचा प्रयोग सुंदर आहे, पण ते ठिपकेही पडद्याचेच असतात. मी तो त्या दिवशी करत नाही, पुढच्या आठवड्यात करते.

उरलेल्या पाच मिनिटांत मुलांना १९५७ ची गोष्ट सांगता येईल. अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो पहिल्यांदा संगणकात घातला, तो १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचा होता. गुणाकार मुलांकडून करून घ्या, ३०,९७६ येतात. मग शेजारी मोबाईलच्या ४००० गुणिले ३००० चा गुणाकार, एक कोटी वीस लाख.

फेरीबोटीचं नाव

आता पहिल्या प्रश्नाकडे. एवढे ठिपके असूनही बोटीचं नाव का वाचता आलं नाही, हे मुलांनीच काढायचं. फोटोची रुंदी ४००० पिक्सेल. त्यात बोटीने साधारण विसावा भाग व्यापला होता, म्हणजे २०० पिक्सेल. नाव बोटीच्या लांबीच्या दहाव्या भागात लिहिलेलं, म्हणजे २० पिक्सेल. नावात सहा अक्षरं धरली तर एका अक्षराच्या वाट्याला तीन पिक्सेल.

तीन पिक्सेलमध्ये अक्षर लिहून पाहा, असं म्हणून चौकटीची वही काढायला सांगा. ३ गुणिले ३ चौकोन, प्रत्येक चौकोन एकतर पूर्ण काळा नाहीतर कोरा, आणि त्यात "म" लिहायचा. जमत नाही. ५ गुणिले ५ मध्ये काहीतरी होतं, पण "म" आणि "भ" सारखेच दिसतात. ८ गुणिले ८ मध्ये दोन्ही वेगळे ओळखू येतात, मात्र वेलांटी किंवा अनुस्वार द्यायचा तर वर आणखी ओळी लागतात. रोमन अक्षरं ५ गुणिले ७ मध्ये बसतात, देवनागरीला जास्त जागा लागते, आणि मुलांच्या हे चटकन लक्षात येतं. बसवरच्या एलईडी पाटीवर मराठी अक्षरं कधीकधी का अडखळतात, याचा उलगडाही इथेच होतो.

मग शेवटची कृती मैदानावर. फळ्यावर वीतभर मोठं एक अक्षर लिहून बाहेर ठेवा. मोबाईल झूम न करता वीस पावलांवरून एक फोटो आणि पाच पावलांवरून एक. दोन्ही `Paint` मध्ये उघडून अक्षराची उंची पिक्सेलमध्ये मोजा. कर्सर अक्षराच्या वर आणि खाली नेला की खालच्या पट्टीत दोन आकडे दिसतात, त्यांची वजाबाकी करायची. अंतर पावपट झालं की उंची जवळपास चौपट येते, पावलं सारखी पडली नसतील तर थोडा फरक पडतो. तिसरा फोटो वीस पावलांवरूनच, पण बोटांनी चौपट झूम करून काढा. या वेळी मोजणीत आकडा मोठा येईल, कारण मोबाईल मधली जागा पायऱ्यांनी भरून देतो. म्हणून इथे आकड्यावर थांबू नका, अक्षराची कड पाहा. पाच पावलांच्या फोटोत खडूचे कण दिसतात, झूमच्या फोटोत कड नुसती मऊ झालेली असते. काही महागड्या मोबाईलमध्ये लांबचं पाहायला वेगळी भिंग असते. ती असेल तर झूमचा फोटोही खरोखर चांगला येतो, तेव्हा आधी स्वतः करून पाहा, नाहीतर मुलांसमोर प्रयोग उलटा पडेल.

बोटीचा हिशेब पुरा करा. एका अक्षराला निदान बारा पिक्सेल हवेत म्हटलं तर बोट चौपट मोठी दिसायला हवी, म्हणजे ती आत्ताच्या पावपट अंतरावर यायला हवी. फोटो आणणाऱ्या मुलीने हा हिशेब वहीत उतरवून घेतला. पुढच्या सोमवारी तिने दुसरा फोटो आणला. बोट धक्क्याला लागायच्या बेतात होती, समोरची फळी अजून खाली पडायची होती, नाव स्वच्छ वाचता येत होतं. फोटोच्या मागच्या पानावर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, "एक अक्षर १४ पिक्सेल."